उरलेल्या दिवसांचा परतावा

परवा नांदेडकडच्या एका बाईंचा फोन आला. सासऱ्यांची आरोग्य विम्याची पॉलिसी रद्द करायची होती. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, पटली नाही तर पॉलिसी परत करता येते.

"ते नव्या पॉलिसीला, ताई," मी म्हणालो. "कागद हातात पडल्यापासून तीस दिवस. तुमचे तीस दिवस केव्हाच गेले. आता मध्येच रद्द केली तर जितके दिवस उरलेत तितक्यांचे पैसे मिळतील. तेही या वर्षात एकही क्लेम घेतला नसेल तरच."

"नाही घेतला."

"मग मिळतील. पण एक ऐका. बीपी-शुगरचा खर्च मिळायला थांबायची जी वर्षं तुम्ही इथे काढलीत ती सगळी जातील. पुढे नवी घेतली की पुन्हा पहिल्यापासून. कंपनी बदलायची असेल तर रद्द करू नका. वर्ष संपायच्या दीड-दोन महिने आधी पोर्ट करायचा अर्ज द्या, म्हणजे जुनी वर्षं सोबत येतात."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, अगदी घरच्यासारखं सांगितलंत."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. घरी मी हे सांगितलं नव्हतं.

बेळ्ळंदूरला रिंग रोडवरच्या एका इमारतीत, एका विमा कंपनीच्या सेवा विभागात मी मराठीत येणाऱ्या फोनच्या रांगेवर बसतो. आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासून आहे की आमची मराठी ऐकून पुण्याचे ग्राहक हसतात. पण आमच्या टीममध्ये बेळगाव-निपाणीकडची मुलं आहेत, त्यामुळे चालून जातं. आठवड्यातले दोन दिवस मी फोन घेत नाही, इतरांनी घेतलेले कॉल ऐकून गुण देतो. नियमाप्रमाणे सगळं सांगितलं की नाही, आवाज चढला की नाही. दिवसभर कानात लोकांची घरं वाजत असतात. कुणाचा कुकर, कुणाचं नातवंड, कुणाच्या दारातला भाजीवाला. बोलणाऱ्यापेक्षा मागचंच जास्त लक्षात राहतं.

आमच्या घरी आईला अम्मा म्हणायचे. गल्लीतली कन्नड पोरं म्हणायची ते ऐकून आम्हीही तसंच म्हणायला लागलो. तिला जाऊन आता वर्ष उलटून गेलं. माझा धाकटा भाऊ, सर्जापूर रोडला राहणारा, तेव्हापासून एकच वाक्य बोलतो, "अण्णा, माझी नोकरी टिकली असती तर अम्मा राहिली असती." तो हे बोलला की मी म्हणायचो, "अरे, त्या वेळी कुणाला माहीत होतं?"

मला माहीत होतं. आता सांगतो.

अम्माची पॉलिसी माझ्या नावावर होती. म्हणजे विमा तिचा, हप्ता माझा. पाच वर्षं मी भरला. बीपी आणि शुगरसाठी थांबायची मुदत संपली होती, आता तिला काहीही झालं तरी कंपनी नाही म्हणू शकली नसती. भाऊ माझ्यापेक्षा तिप्पट कमवायचा. तो अम्माला साड्या आणायचा, विमानाने तिरुपतीला घेऊन जायचा. हप्त्याचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही काढला नाही. दर जुलैत मी पैसे भरायचो आणि दर जुलैत माझ्या मनात एक गोष्ट थोडी आंबायची. बायको एकदा म्हणाली, "सांगा की त्याला, अर्धे दे म्हणून." मी म्हणालो, "त्याला कळायला नको का?" न सांगता कळावं, ही आमच्या घरातली जुनी खोड.

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी हप्ता भरून दोन महिने झाले असतील, भावाला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. तो पेढे घेऊन आला आणि अम्माच्या शेजारी बसून म्हणाला, "अम्मा, आता माझ्या कंपनीचा विमा आईवडिलांनाही असतो. पहिल्या दिवसापासून. बीपी-बिपी काही विचारत नाहीत."

"सरी, बरं झालं," अम्मा म्हणाली. "पण मी धडधाकट आहे. तुमच्या विम्याला कशाला उगीच कामाला लावता?"

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "मग अण्णा, तुझी ती कशाला चालू ठेवायची? एकाच माणसाचे दोनदा पैसे."

बस्स, इतकंच बोलला तो. त्याला विम्यातलं काय कळणार? तो मला विचारत होता. घरात विम्यातलं कुणाला माहीत असेल तर ते मलाच.

आणि मी म्हणालो, "बघतो."

बघितलं ते असं. हप्ता करासकट छत्तीस हजार पाचशे. तीनशे पासष्टांनी भागलं की रोजचे शंभर. हिशोब इतका गोल आला की मला बरं वाटलं. पूर्वी असं नव्हतं. तेव्हा टप्पे असायचे, महिन्यात रद्द केली तर पाऊण, तीन महिन्यांत केली तर निम्मे, सहा महिन्यांनंतर काही नाही. आता सरळ उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात. अर्ज द्यायचा, सात दिवसांची सूचना असते, ती संपली की पॉलिसी बंद आणि उरलेले दिवस मोजून पैसे ज्या खात्यातून आले त्या खात्यात. भाऊ ऑक्टोबरात रुजू होणार होता. त्याच्या कंपनीचं कार्ड हातात येईपर्यंत थांबायचं आणि मग अर्ज टाकायचा, असं ठरवलं. साधारण चोवीस हजार परत आले असते.

मध्येच सप्टेंबरात अम्माला ताप आणि उलट्या. दोन दिवस जवळच्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "इन्शुरन्स इदेया?" विमा आहे का. कार्ड माझ्या पाकिटात होतं. मी म्हणालो, "इल्ला." नाही.

बिल अकरा हजार आणि वर काही झालं. ते मी स्वतःच्या खिशातून भरलं. कारण त्या वर्षात एक क्लेम घेतला असता, तर मध्येच रद्द करून परतावा शून्य. अकरा वाचवायला गेलो असतो तर चोवीस गेले असते. मी तिथेच उभ्या उभ्या वजाबाकी केली आणि फायद्यात राहिलो. तेव्हा हे डोक्यात आलं नाही की क्लेम घेतला असता तर परतावाच उरला नसता, परतावा नसता तर पॉलिसी रद्द करायला मी गेलोच नसतो, आणि अम्माचं पुढचं सगळं वेगळं झालं असतं. आता हे रोज डोक्यात येतं. "इल्ला." एक शब्द.

स्वतःच्या घरच्या पॉलिसीचं काम कर्मचाऱ्याने स्वतः करायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. अर्ज दिल्यावर खात्री करायला फोन दुसऱ्या कुणीतरी करायचा. मला फोन आला तो आमच्याच टीममधल्या बेळगावकडच्या मुलीचा. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो, घरी. अम्मा आतल्या खोलीत शेंगा सोलत बसली होती.

तो कॉल रेकॉर्ड झाला. सगळेच होतात.

"नमस्कार सर. तुम्हालाच वाचून दाखवायचं म्हणजे भटजीला मंत्र शिकवल्यासारखं की."

"वाच बाई. रेकॉर्डिंग चालू आहे, गुण कापेन."

"कापू नका हो. तर सर, तुमच्या मातोश्रींची पॉलिसी मुदत संपायच्या आधी रद्द करायचा अर्ज आलाय. तुम्हीच दिलाय नव्हं?"

"मीच."

इथे मागून अम्माचा आवाज येतो. "कुणाचा फोन रे?"

"ऑफिसचा," मी म्हणतो.

"जेवली का विचार तिला. दुपार झाली."

मुलगी हसते. "सांगा आजींना, जेवले म्हणून. आंबोळी होती. तर सर, पुढं वाचते. पॉलिसी रद्द केल्यावर प्रतीक्षा कालावधीचा साठलेला फायदा जाईल. पुन्हा विमा घेतल्यास आधीचे आजार नव्याने मोजले जातील. हे समजलं का?"

"रोज मीच सांगतो हे लोकांना."

"हो म्हणा सर. हो किंवा नाही म्हणायला पायजे."

"हो."

"सर, एक विचारू? वर्षभराचे पैसे भरलेतच. वर्ष संपेपर्यंत राहू दिली तर?"

हे तिच्या कागदावर नव्हतं. हे ती स्वतःहून म्हणाली. मी क्षणभर थांबतो, ते थांबणंही रेकॉर्डिंगमध्ये आहे. मग मी म्हणतो, "नको. भावाच्या कंपनीचा आहे आता. त्याचं त्याला बघू दे."

त्याचं त्याला बघू दे. तिने याचा अर्थ काय घेतला माहीत नाही. माझ्या तोंडून पाच वर्षांचं काय बाहेर पडलं ते मला तेव्हाच कळलं होतं.

"बरं सर. सात दिवसांच्या आत मन बदललं तर कळवा, अर्ज मागे घेता येतो."

"मागे नाही घेणार."

"आजींना नमस्कार सांगा."

फोन ठेवल्यावर अम्माने आतून विचारलं, "काय मागे नाही घेणार म्हणत होतास?" मी म्हणालो, "काही नाही, ऑफिसचं." रेकॉर्डिंग तोवर बंद झालं होतं, त्यामुळे हे वाक्य फक्त माझ्याकडे आहे.

सात दिवस गेले. मग पैसे आले, चोवीस हजार, बरोबर उरलेल्या दोनशे चाळीस दिवसांचे. त्याचं वॉशिंग मशीन घेतलं. अम्माने त्याला हळदीकुंकू लावलं आणि शेजारच्या अक्काला बोलावून दाखवलं, "माझ्या मोठ्याने घेतलं." भाऊ म्हणाला, "बघ, फुकट जात होते पैसे."

मार्चमध्ये भावाची नोकरी गेली. त्याची एकट्याची नाही, सगळी टीमच. नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर त्या गटविम्यातून अम्माचं नावही गेलं. त्याच आठवड्यात तिला जिना चढताना धाप लागायला लागली. इको काढला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, हृदयाची एक झडप इतकी आखडली होती की रक्त पुढे सरकायला जागाच नव्हती. "लवकर करून घ्या," म्हणाले.

मग मी माझं सगळं ज्ञान पणाला लावलं. भावाच्या कंपनीला विमा देणाऱ्यांकडे त्या गटविम्यातून वैयक्तिक पॉलिसीत घ्या म्हणून अर्ज केला. त्यांनी इको मागवला आणि नाही म्हणाले. बाहेर नवी पॉलिसी मिळाली असती तरी हृदयासाठी तीन वर्षं थांबा. आमच्याच कंपनीत विचारलं. रद्द झालेली पॉलिसी पुन्हा जिवंत होत नाही, हे विचारायच्या आधीही मला ठाऊक होतं. तरी विचारलं. पलीकडच्या मुलाने मला टीमसाठी मीच लिहून दिलेलं ठरीव उत्तर वाचून दाखवलं.

खाजगी रुग्णालयाने साडेचार लाखांचा अंदाज दिला. भावाच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता होता. मी कर्ज काढतो म्हणालो तर अम्माने ताट बाजूला सारलं. "माझ्यासाठी व्याज भरणार? मग मी जेवत नाही." सरकारी हृदयरोग रुग्णालयात नाव घातलं. तिथले डॉक्टर चांगले होते, पण रांग मोठी. तारीख मिळाली जूनच्या शेवटची. अम्मा जूनच्या मध्यावर गेली, सकाळी, मशीनमधले कपडे बादलीत काढता काढता.

ती पॉलिसी जुलैपर्यंत चालली असती. पुढचा हप्ताही भरावा लागला नसता. एप्रिलमध्ये, पहिल्याच आठवड्यात, कुठल्याही चांगल्या रुग्णालयात ऑपरेशन झालं असतं. पैसे भरलेलेच होते.

दिवसकार्याला भाऊ सगळ्यांसमोर रडला, "माझ्यामुळे झालं." मामा म्हणाले, "वेडा आहेस का, नोकरी का कुणाच्या हातात असते?" मी पाणी आणायला आत गेलो.

त्यानंतर भाऊ आमच्याकडे आला की हॉलमध्ये बसायचा नाही. तिथे अम्माचा फोटो आहे. तो दारातच, चपलांच्या स्टँडशेजारी स्टूल ओढून बसायचा. बायको म्हणायची, "आत या की भावोजी." तो म्हणायचा, "इथे वारा आहे वैनी." आमच्या दारात कसला वारा?

आणि मी काय करत होतो? मी तो कॉल ऐकत होतो. तपासणीचे दोन दिवस आले की दुपारी, लोक जेवायला गेले की, त्या कॉलचा नंबर टाकायचो. अम्माचा आवाज असलेलं आमच्याकडे दुसरं काहीच नाही. लग्नाच्या व्हिडिओत तिच्या आवाजावर बँड वाजतोय. "कुणाचा फोन रे?" एवढं ऐकायला सुरू करायचो आणि शेवटपर्यंत ऐकायचो. दर वेळी मनात यायचं की या खेपेला तो माणूस "राहू दे मग" म्हणेल. त्या थांबण्यात तेवढी जागा आहे. एक माणूस श्वास घेतो. मागे शेंगा फुटतात. मग तो "नको" म्हणतो.

हळूहळू तो आवाज इतर कॉलमध्येही यायला लागला. जळगावच्या कुणा माणसाच्या मागे, सोलापूरच्या कुणाच्या स्वयंपाकघरात. मी मागे जाऊन पुन्हा ऐकायचो. तिथे मिक्सर असायचा, नाहीतर टीव्ही. घरी मशीन फिरायला लागलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. बायको विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "आवाज करतंय, बघतो."

मग आमच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या तमिळ, आमचं बोलणं हिंदीत. कुणी कुठला कॉल किती वेळा उघडला ते यंत्रावर दिसतं.

"ये एक ही कॉल बार बार क्यों? इसमें क्या है?"

"मेरी माँ है," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्यांनी तो ऐकला असावा. भाषा कळली नसेल, पण म्हातारा आवाज कळला असेल. "इथून पुन्हा उघडू नका," त्या म्हणाल्या. "मला वर लिहून द्यावं लागेल. तुम्ही ग्राहक आहात ना या पॉलिसीचे? ग्राहक म्हणून प्रत मागा. मी सही करते."

ग्राहक म्हणून अर्ज केला. पंधरवड्याने फाइल आली. फोनमध्ये घेतली आणि तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं की हा आवाज मी भावापासूनही लपवून ठेवलाय. ज्याला अम्माचा आवाज हवाच होता त्याला तो द्यायचा नाही, कारण त्यात माझाही आहे.

रविवारी सकाळी सर्जापूर रोडला गेलो. भावाला आता लहान नोकरी लागली आहे. तो एकटाच होता, बायको-मुलं माहेरी. कॉफी केली. मी म्हणालो, "अम्माचा आवाज आहे माझ्याकडे."

त्याने कप खाली ठेवला. "कुठे मिळाला?"

"ऐक आधी. आणि सगळं ऐक."

मी फोन टेबलावर ठेवला. "जेवली का विचार तिला" आलं आणि तो हसला, मोठ्याने, डोळ्यांतून पाणी काढत. "दूधवाल्यालाही विचारायची, अण्णा. विजेचं बिल आणून देणाऱ्यालाही." हसता हसता पुढचं सुरू झालं. प्रतीक्षा कालावधी. हो म्हणा सर. वर्ष संपेपर्यंत राहू दिली तर. नको. त्याचं त्याला बघू दे.

संपलं. खाली कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज वाजत होता.

"म्हणजे," तो हळू म्हणाला, "रद्द केली नसती तर?"

"जुलैपर्यंत होती."

"ऑपरेशन?"

"एप्रिलमध्येच. पूर्ण खर्च."

"आणि हे तुला..."

"माहीत होतं. माझं कामच ते."

"मी दोनदा पैसे कशाला म्हणालो म्हणून?"

"तू विचारलंस. उत्तर मी द्यायचं होतं. तुला राग येईल म्हणून नव्हे, मला राग होता म्हणून मी ते दिलं नाही. पाच वर्षं हप्ता मी भरला, त्याचा. आणि नर्सिंग होमला विमा नाही म्हणून सांगितलं तेही परताव्यासाठीच."

तो बराच वेळ टेबलावरची साखर बोटाने गोळा करत राहिला.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "ती बोलते तिथपासून."

मी लावला. या वेळी त्याने "ऑफिसचा" या शब्दावर थांबवला.

"तिला खरं का नाही सांगितलंस?"

"ती म्हणाली असती, राहू दे."

"हो," तो म्हणाला. "आणि तू ऐकलं असतंस."

मग तो उठला. खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "अण्णा, मी वर्षभर तिच्या फोटोसमोर उभा राहिलो नाही. तू बघत होतास. मी दारात बसायचो ते बघत होतास. वैनी आत बोलवायच्या, तू काही बोलायचा नाहीस."

"हो."

"तू मला चहा आणून द्यायचास. दारात."

"हो रे."

"फाइल मला पाठव आणि जा आता."

पाठवली आणि आलो. त्यानंतर त्याचा फोन नाही. दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी कपडे हाताने धुवायला बसली. मी म्हणालो, "मशीन आहे की." ती म्हणाली, "असू दे."

गेल्या रविवारी बेल वाजली. भाऊ होता. त्याने चपला काढल्या, स्टूल पायाने बाजूला सारलं आणि माझ्या शेजारून सरळ हॉलमध्ये गेला. फोटोसमोर उभा राहिला. हात जोडले नाहीत, काही नाही, नुसता बघत राहिला. मग फोटोखालच्या दिवाणावर, अम्माच्या जागी, मांडी घालून बसला.

बायकोने आतून विचारलं, "जेवलात का भावोजी?"

"नाही वैनी. वाढा."

ती ताट घेऊन आली. त्याच्याशी बोलत बसली, मुलांच्या शाळेचं, पाण्याच्या टँकरचं. तो मोकळेपणी बोलत होता, दोनदा हसलाही. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मी दारापाशी उभा होतो. मग ते स्टूल सरळ केलं आणि त्यावर बसलो. तिथे खरंच वारा येत नाही.